ग्रुपवरची विनंती

"विंग्रजी शाळंतल्या पोरींना देवाधर्माचं वावडंच आसतंय, आप्पा. तुम्ही नका मनाव घिऊ."

मी पाण्याची बाटली भरत होते. आवाज ताईंचा होता, म्हणून तो जास्त लागला.

शिरूरच्या आमच्या दूध संकलनाच्या ऑफिसात टँकरची सगळी कामं व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालतात. दूध थंड ठेवायचा कुठला कूलर भरला, कुठं लाइट गेली, सगळं तिथंच कळतं. निवडणुका आल्या तसे नेत्यांचे व्हिडिओ सुरू झाले. देवांचे फोटो आधीपासून होतेच, आता इतर धर्मांची टवाळी करणारेही येऊ लागले. एका सकाळी राहू गावच्या केंद्राने कूलर बंद पडल्याचं कळवलं. तो मेसेज या गर्दीत वर सरकून गेला, टँकर आधी मांडवगणला गेला आणि राहूचं दूध नासलं. बोलणी मला बसली, कारण टँकर मी लावते.

ताई माझ्या शेजारच्या टेबलावर. टवाळीच्या त्या मेसेजांचा त्रास त्यांनाच जास्त होता. जेवताना त्या हळू आवाजात सांगायच्या, आम्ही बौद्ध, घरी हे वाचवत नाही. सर्वांत जास्त फॉरवर्ड आप्पांचे असत. ते आमच्यात सर्वांत जुने, म्हणून त्यांना आधी एकटं भेटून सांगावं असं मला वाटत होतं. ताई म्हणाल्या, "एकट्याला सांगितलं तर त्याला टोचतं. ग्रुपवरच टाक, सगळ्यांना मिळून. मी लगेच अंगठा देते."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, माझं लिहिलेलं मराठी कोरडं होतं. त्यांनी 'कृपया' आणि 'सर्वांना नम्र विनंती' घातलं. मी कोणाचं नाव घेतलं नाही, कोणत्याही पक्षाचं, कोणत्याही धर्माचं काही इथं टाकू नये, एवढंच लिहिलं. राहूची गोष्ट कारण म्हणून सांगितली आणि गप्पांसाठी वेगळा ग्रुप करू, असंही सुचवलं.

मेसेज नेमका आप्पांच्या सकाळच्या देवाच्या फोटोखाली जाऊन बसला. जणू तो त्यांनाच दिलेलं उत्तर होता. मेसेज वाचणाऱ्यांची यादी वाढत गेली, कबूल केलेला अंगठा मात्र आला नाही. थोड्या वेळाने ताईंनी आप्पांच्या फोटोला हात जोडले.

तेव्हाही मी स्वतःला समजावलं, घाबरल्या असतील. त्यांना इथं रोज याच माणसांत बसायचंय. पण घाबरणं वेगळं आणि मला पुढे करून वर आप्पांकडे मलाच नावं ठेवणं वेगळं.

बाटली घेऊन मी वळले. आप्पांनी मला पाहिलं आणि विचारलं, "पोरी, माझ्या फोटूनं दूध नासलं व्हय?" ताई मोबाइलमध्ये बघत राहिल्या.

मी बाटली टेबलावर ठेवली.

"नाही आप्पा. मी तुम्हाला आधी एकटं भेटणार होते. ग्रुपवर टाक, असं ताई म्हणाल्या. शब्दही त्यांनीच नीट करून दिले. विनंती मात्र माझीच आहे, आणि ती मी मागे घेणार नाही."