सलाईनवरचे फोन

आमच्या कंपनीत माणसं सोळा, आणि त्यातल्या पंधरांना यूजर ही एक कटकट वाटते. मी त्या पंधरांतलाच, खोटं कशाला बोलू? सोळाव्या म्हणजे ताई. आमचं अॅप औषधाची वेळ झाली की घंटा वाजवतं. ती वाजली नाही की लोक फोन करतात, आणि तो फोन ताई उचलतात.

ताईंची आधीची वीस वर्षं एका हॉस्पिटलच्या टेलिफोनवर गेली. पलीकडचा माणूस चिडलाय, घाबरलाय की नुसताच एकटा आहे, हे त्यांना पहिल्या ‘हॅलो’त कळतं. चिडलेल्याला त्या म्हणणार, “बोला, सगळं बोलून घ्या, मग आपण फोन बघू.” तक्रारी वहीत लिहितात, निळ्या शाईनं. आमच्याकडे त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर आहे म्हटलं तर म्हणाल्या, “असू दे की, कुणी उघडलं तर उपयोग होईल.”

आता मुद्द्याचं. ताईंनी तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाला स्वतःची किडनी दिली. तो लिफ्ट दुरुस्त करतो. शरीरानं ती परकी किडनी नाकारू नये म्हणून त्याला सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, दोन्ही वेळा गोळी घ्यावीच लागते. ताई त्याची गंमत करत, “सांभाळून वापर रे, माल माझा आहे.” आणि त्याच्या फोनमध्ये घंटा कुणाची? आमचीच.

एके दिवशी त्याचा रक्ताचा रिपोर्ट आला. किडनी नीट चालत नसली की वाढतो तो आकडा वर गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? तो म्हणाला, “नव्या फोनवर संध्याकाळची घंटा वाजत नाही.” ताईंनी मला विचारलं. मी खुर्चीतून हललोही नाही. म्हणालो, “ताई, कोड चोख आहे. आपल्या फळीवरच्या चाचणीच्या अकरा फोनांवर घंटा रोज वाजते. तुमच्या भावानंच आवाज बंद केला असणार.”

माझ्या त्या एका वाक्यावर त्यांनी भावाला धारेवर धरलं. ऑफिसच्या जिन्यात उभ्या राहून फोनवर बोलत होत्या, सगळ्यांना ऐकू येत होतं. “स्वतःच्या विसरभोळेपणाचं खापर फोनवर फोडतोस? दुसरी किडनी काढून देऊ का आता?” मग डोळे पुसून जागेवर आल्या आणि पुढचा फोन उचलला. आज आठवलं तरी माझी मला लाज वाटते.

पण ताईंचा स्वभाव म्हणजे एकदा काही मनात आलं की सोडायचं नाही. त्यांनी वही काढली आणि दोन महिन्यांच्या तक्रारी पुन्हा वाचल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या.

“काय रे शहाण्या, सकाळच्या घंटेची तक्रार जवळजवळ नाहीच. सगळ्या दुपारच्या नि संध्याकाळच्या. असं का?”

“योगायोग असेल.”

“योगायोग म्हणे! सकाळी फोन कुठे असतो? उशाशी, चार्जरला. संध्याकाळी कुठे असतो? खिशात.” मग त्यांनी फळीकडे बोट केलं. तिथे आमचे अकरा फोन ओळीनं पडलेले, प्रत्येकाला वायर. “आणि तुझे हे सगळे पेशंट कायम सलाईनवर! यांना घरच्या माणसांचं दुखणं कसं होणार?”

चौदा वर्षं हे काम करतोय, आणि ही साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. चार्जिंग चालू असताना फोनला बॅटरीची चिंता नसते, म्हणून तो कुठल्या अॅपला मारत नाही, म्हणजे परस्पर बंद पाडत नाही. वायर काढली, पडदा बंद झाला, की खरा खेळ सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळ्या वायरी काढल्या, फोन ताईंच्या टेबलावर उपडे ठेवले आणि दुपारी दोनची घंटा लावली. दोन वाजले. सात फोन वाजले, चार मुके; त्यांतला एक ताईंच्या भावाकडच्यासारखाच. चारही अशा कंपन्यांचे, ज्या मूळ सिस्टीमच्या वर आपला स्वतःचा बॅटरी-रखवालदार बसवतात. त्यानं आमचं अॅप झोपवलं नव्हतं, पार बंद केलं होतं. आणि अॅप असं बंद केलं की त्याच्या लावून ठेवलेल्या घंटाही रद्द होतात. अॅप पुन्हा हातानं उघडेपर्यंत चिडीचूप. रात्री उशिरा आठवण येऊन माणूस ते उघडतो, घंटा पुन्हा लागतात, मग रात्रभर फोन चार्जरला; म्हणून सकाळची तेवढी वाजत होती.

“पण मारतात का मेले?” ताई म्हणाल्या.

“दिवसभर बॅटरी टिकते, या एका गोष्टीवर फोन विकला जातो. स्वस्त फोनला मेमरीही कमी. शिवाय कित्येक अॅप उगाच मागे जागी राहून बॅटरी खातात, तेही खरंच. म्हणून दिसेल त्याला झोडायचं. मोठ्या, नावाजलेल्या अॅपना सूट असते. आपल्याला कोण विचारतो?”

“म्हणजे वशिला हवा,” ताई म्हणाल्या. “तो यूजरच लावेल. पण त्याला नीट सांगायला हवं.”

पुढचे तीन आठवडे आम्ही झटून काम केलं. आमची घंटा आधी बॅटरी वाचवत, जमेल तेव्हा वाजणाऱ्या कामांच्या रांगेत होती. ती सिस्टीमच्या खऱ्या गजरात नेली, तो झोपलेल्या फोनलाही उठवतो. तरी अॅपच मारलं तर गजर मरणारच. मग ताईंनी त्या चार फोनांसाठी सूचना लिहिल्या. मी लिहिलं होतं, ‘बॅकग्राउंड निर्बंध शिथिल करा.’ त्यांनी खोडून लिहिलं, ‘तुमचा फोन बॅटरी वाचवायला आमची घंटा बंद करतो. चूक तुमची नाही. खालचं बटण दाबा, मग चित्रात दाखवलंय ते चालू करा.’ बटण थेट त्या सेटिंगवर नेतं. शेवटी चाचणी: वायर काढा, फोन ठेवून द्या, तासाभरानं घंटा येते का बघा. फोनची सिस्टीम अपडेट झाली की हे सेटिंग कधीकधी पूर्ववत होतं, म्हणून अपडेटनंतर पुन्हा तपासायची आठवणही ठेवली.

“आणि एवढं करूनही मारलं तर?” ताईंनी विचारलं.

म्हणून शेवटची तजवीज. पंधरा मिनिटांत ‘घेतली’ हे बटण दाबलं गेलं नाही, तर आमचा सर्व्हर घरच्या माणसाला एसएमएस पाठवतो. एसएमएस यायला आमचं अॅप जिवंत लागत नाही.

पहिल्या फोनवर हे सगळं लावून द्यायला ताई मला घेऊन भावाकडे गेल्या. तोवर ताई रोज आठला फोन करून गोळीची आठवण देत, त्यामुळे पुढच्या रिपोर्टात आकडा खाली आला होता, पण ताई दारातच घुटमळल्या. त्या भांडणानंतर दोघं कामापुरतंच बोलत होते. तो सरळ, अबोल माणूस. मी त्याचं सेटिंग लावलं, वायर-चार्जर सगळी कथा सांगितली, आणि म्हणालो, “चूक आमची होती, दादा. तुमची अजिबात नाही.”

त्यानं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, “साहेब, ताई म्हणाली म्हणजे खरंच असणार, असं वाटलं मला. माझंच डोकं चालेनासं झालं असं धरून चाललो. मालकाला सांगून टाकलं, मला लिफ्टच्या खड्ड्यात एकट्याला पाठवू नका, मी बोल्ट कसायचा विसरलो तर माणसं मरतील. महिना झाला, गोदामात पाने-पकडी मोजतोय.”

मग भाऊ संकोचून म्हणाला, “तुम्ही हे कागदावर लिहून द्याल का? मालकाला दाखवतो.”

मी बॅगेतून कंपनीचा कागद काढला आणि लिहिलं, की घंटा फोननं बंद केली होती, आमच्या चाचणीत हे सिद्ध झालंय, आणि यात या गृहस्थांच्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही. सही केली. ताईंनी कागद ओढून घेतला, माझ्या सहीखाली निळ्या शाईत एक ओळ लिहिली आणि तो भावाच्या हातात दिला.

त्यानं मोठ्यानं वाचायला घेतलं, पण त्या ओळीशी येऊन थांबला. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं, ‘हा खरं सांगत होता. मी त्याची मोठी बहीण, मीच ऐकलं नाही.’