पंधरा उत्तरांचं शून्य

कंपनीला टाळं लागलं तेव्हा आमचं बिऱ्हाड दापोडीत, रेल्वेलाईनच्या बाजूच्या गल्लीत होतं. नवरा, मी, चार वर्षांची मुलगी आणि माझी धाकटी नणंद. नवरा पिंपरीच्या एका कारखान्यात मशीनवर होता. टाळेबंदी महिनाभरात उठेल असं युनियनवाले म्हणत होते. मग दिवाळीपर्यंत उठेल म्हणाले. दिवाळी गेली आणि कोणी काही म्हणेनासं झालं. त्यानंतर नवरा चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोणी उचलायला जाऊ लागला. घरी आला की अंगाला कांद्याचा वास यायचा. मशीनवर काम करणारा माणूस, त्याला त्या वासाची लाज वाटायची. आंघोळ केल्याशिवाय तो मुलीला जवळ घेत नसे.

मी लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाले होते. नणंद कॉलेज संपवून घरीच होती. बँकेच्या क्लार्कची जाहिरात आली तेव्हा दोघींनी अर्ज भरले. तिच्या पुढे अजून बऱ्याच परीक्षा होत्या. माझ्या वयाला ही शेवटचीच होती, पुढच्या जाहिरातीत मी बसणार नव्हते. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलून दाखवत नव्हतं.

आमच्या विहारात संध्याकाळी या परीक्षेचा वर्ग चालायचा. शिकवणारे सर गल्लीतलेच, स्वतः बँकेत लागलेले. फी काही नाही, फक्त वेळेवर यायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की पेपर आपल्या शाळेतल्यासारखा नाही. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं दिलेली असतात, त्यातलं एक बरोबर. बरोबर उत्तराला एक मार्क. चुकलं तर पाव मार्क कापतात. सोडून दिलं तर मिळत नाही आणि कापलंही जात नाही. मग त्यांनी बजावलं की येत नसेल तर अंदाजे मारू नका, अंदाजाने नुकसानच होतं.

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. नणंदेच्या नाही बसलं. घरी येताना ती म्हणाली की नुकसान होतं हे सरांनी हिशेब करून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या झाल्यावर ती मुलीची पाटी घेऊन बसली. पाच प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर पाचातलं एक आपोआप बरोबर येणार, चार चुकणार. एक मार्क मिळाला. चार चुकांचे चार पाव गेले, म्हणजे एक मार्क गेला. उरलं शून्य.

"नुकसान नाही आणि फायदाही नाही," ती म्हणाली. "न लिहिण्यासारखंच."

मला पटेना. मी म्हटलं, पाचातलं एक बरोबर येईलच हे कशावरून? एकही येणार नाही, किंवा तीन येतील. तेव्हा तिने पाच चिठ्ठ्या केल्या, पाच उत्तरांचं एकेक अक्षर लिहून डब्यात टाकल्या, आणि सरावाचा पन्नास प्रश्नांचा पेपर न वाचताच चिठ्ठ्या काढून भरला. चिठ्ठी काढायची, उत्तर लिहायचं, चिठ्ठी परत टाकायची. मुलीला हा खेळ फार आवडला, चिठ्ठ्या तीच काढू लागली. पहिल्या पेपरात तेरा बरोबर आले आणि सदतीस चूक. तेरातून सव्वानऊ गेले, पावणेचार मार्क उरले. मी म्हटलं, बघ, फायदा झाला. दुसऱ्या पेपरात आठच बरोबर आले, बेचाळीस चुकले, आणि निव्वळ मार्क शून्याच्या खाली अडीच गेले. तिसऱ्यात दहा बरोबर, चाळीस चूक, बरोबर शून्य. एकदा वर, एकदा खाली, पण फिरून शून्याच्याच आसपास.

तिने आणखी एक गोष्ट काढली, ती पुढे उपयोगी पडली. पाचातली दोन उत्तरं नक्की चुकीची आहेत हे कळत असेल, तर उरलेल्या तिनातलं एक मारायचं. असे सहा प्रश्न मारले तर साधारण दोन बरोबर येतील, चार चुकतील. दोनातून एक वजा, एक मार्क पदरात. म्हणजे काहीच कळत नसेल तर वेळ घालवायचा नाही, थोडं कळत असेल तर मारायचं. सरांना तिने हे दाखवलं. ते पाटीकडे बघत राहिले, मग म्हणाले की बरोबर आहे, पण पोरं थोडं कळतं म्हणून सगळंच मारतात, म्हणून मी सरसकट नको सांगतो.

तेव्हापासून आम्ही तसाच सराव केला. मी पन्नासातले चाळीस सोडवायची, दहा सोडायची. चाळिसातले बत्तीसच्या आसपास बरोबर यायचे, आठ चुकायचे. बत्तिसातून दोन गेले की तीस. नणंदेचे माझ्यापेक्षा थोडे जास्त. किती मार्कांना मुलाखतीला बोलावतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सर म्हणायचे की गणितात तीस निव्वळ आले तर आशा धरायला हरकत नाही. मी आशा धरली. नवऱ्याला मी तीस हा आकडा सांगितला होता. तो गोणी उचलून आला की न चुकता विचारायचा, आज किती? मी सांगायची, तीस. तो मान हलवायचा आणि आंघोळीला जायचा.

परीक्षेला पुण्यातली एक शाळा मिळाली होती. नणंदेचा नंबर दुसऱ्या वर्गात होता. प्रश्नांचं पुस्तक वेगळं आणि उत्तरांचा कागद वेगळा. कागदावर प्रश्नाच्या नंबरासमोर पाच गोल छापलेले, त्यातला एक पेन्सिलने काळा करायचा. तो कागद माणूस नाही, मशीन तपासणार होतं.

गणिताचा पेपर मला चांगला जात होता. पहिल्या पानांवरचे दोन प्रश्न सोडले, बाकीचे आले. अठरावा प्रश्न टाकीत पाणी भरणाऱ्या नळांचा होता, पानाच्या अगदी तळाशी. तो सोडायचा ठरवलं आणि पान उलटलं. पुढे मी न अडखळता जात राहिले. मनात सारखं येत होतं की आज तीसच्याही वर जातील.

पन्नासाव्या प्रश्नाचं उत्तर काळं केलं, आणि खाली बघते तर अजून एक ओळ रिकामी. पन्नास नंबरची.

काय झालंय हे कळायला एक क्षण लागला. कुठेतरी सोडलेल्या प्रश्नाची ओळ मी सोडली नव्हती. तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एक ओळ वर लागलं होतं. कुठून घसरलं ते आठवेना. सहा-सात मिनिटं उरली होती. पुढून शोधत बसले तर वेळ जाईल, म्हणून मी शेवटाकडून सुरुवात केली. पन्नासाव्याचं पन्नासाव्या ओळीत, मग एकोणपन्नासाव्या ओळीतलं खोडून तिथे एकोणपन्नासाव्याचं. नीट खोडलं नाही तर दोन गोल काळे दिसतील आणि ते चूक धरलं जाईल, म्हणून घासून खोडायचं. जास्त घासलं तर कागद फाटायचा. एकोणचाळिसाव्यापर्यंत पोचले आणि घंटा झाली. पर्यवेक्षक बाईंनी कागदावर हात ठेवला. मी त्यांना म्हटलं की बाई, माझी उत्तरं बरोबर आहेत, फक्त ओळ चुकलीय. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "मला काही करता येत नाही हो," म्हणाल्या आणि कागद काढून घेतला.

बाहेर नणंद हसत आली. माझं तोंड बघून थांबली. बसमध्ये मी तिला सगळं सांगितलं. नळांचा प्रश्न आणि पान उलटणं मला बसमध्येच आठवलं. तिने माझा हात धरला आणि दापोडी येईपर्यंत सोडला नाही.

घरी तिने पाटी घेतली. तिला नको वाटत होतं, मीच घ्यायला लावली. नळांच्या आधी सोडवलेले पंधरा आणि शेवटच्या बारातले दोन सोडलेले वगळून दुरुस्त केलेले दहा, असे पंचवीस जागेवर होते. माझ्या सरावाच्या मानाने त्यातले वीस बरोबर, पाच चूक धरले. विसातून सव्वा गेला, पावणेएकोणीस. मधली पंधरा उत्तरं दुसऱ्याच प्रश्नांसमोर लागली होती. एका प्रश्नाच्या उत्तराचं अक्षर दुसऱ्याला लागू पडलं तर ते केवळ योगायोगाने. म्हणजे ते डब्यातून चिठ्ठी काढण्यासारखंच. पंधरातली तीन बरोबर, बारा चूक. तिनातून तीन गेले.

"ती पुसून टाकली असतीस तरी शून्यच होतं, वहिनी," ती म्हणाली. "ठेवलीस तरी सरासरी शून्यच."

मी त्या पंधरांसाठी रात्री जागले होते, मुलीला शेजारी ठेवलं होतं, भाकरी करता करता शेकडेवारी म्हटली होती. मशीनला त्याचा पत्ता नव्हता. मी डोळे मिटून मारली असती तरी त्याने तेवढंच दिलं असतं.

नवरा आला. नेहमीसारखं विचारलं नाही, बघूनच समजला. मी सांगितलं तर म्हणाला, "चुकून सगळी बरोबर बसली असतील तर?" मला हसू यावं म्हणून बोलला असेल. पण माझ्या मनाने ते धरलं. पुढचे कितीतरी दिवस मी त्याच एका गोष्टीवर होते. सरासरी तीन म्हणजे काही तीनच नव्हेत. मुलीने चिठ्ठ्या काढल्या तेव्हा दहाच्या जागी तेरा आले होते. माझ्या पंधरात नऊ का येऊ नयेत? नऊ बरोबर, सहा चूक, म्हणजे साडेसात मार्क वाढतात. पावणेएकोणीस आणि साडेसात, सव्वासव्वीस. चूल पेटवताना, पाण्याच्या रांगेत, मी ही बेरीज करत असायची. एकदा नणंदेला विचारलं की नऊ येऊ शकतात ना?

"येऊ शकतात. पण फार क्वचित," ती म्हणाली. "त्यावर घर उभं करू नकोस."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पोस्टमन आला तेव्हा मी दारातच होते. पाकीट एकच होतं, तिच्या नावाचं. मुलाखतीचं बोलावणं. तिने ते उघडलं, वाचलं, घडी घातली आणि भांडी घासायला बसली. तिला आनंद करता येत नव्हता, माझ्यामुळे. मग मीच शेजारच्या घरांमध्ये साखर वाटून आले. वाटताना रडू येत होतं, आणि ते नणंदेसाठी आहे असं बायकांना वाटत होतं.

माझं पाकीट उद्या येईल, परवा येईल, असं म्हणत मी महिनाभर पोस्टमनची वाट बघितली. नणंद मुलाखतीतही पास झाली आणि बँकेत लागली. माझे निव्वळ मार्क किती झाले ते कोणी कळवत नसे, मलाही कधी कळले नाहीत. टाळेबंदी उठली तेव्हा नवऱ्याला परत घेतलं नाही. मी भोसरीला एका छोट्या कारखान्यात तारेची वेटोळी गुंडाळायच्या कामाला लागले. बऱ्याच मुली होत्या तिथे, बहुतेक माझ्यापेक्षा लहान. पहिल्या दिवशी सुपरवायझरने शिक्षण विचारलं. मी बी.ए. सांगितलं नाही, दहावी सांगितलं.