तक्रार वहीतली अकरा नावं

डाळमिलमधल्या अकरा कामगारांना वाचायला शिकवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. वर्ग संध्याकाळी, शाळेतल्या तिसरीच्या खोलीत. तिसरीच्या बाकांत पोती उचलणारी माणसं बसायची, गुडघे हनुवटीला लागायचे. मी चांगली दोन पानी योजना केली होती: आधी दुकानांच्या पाट्या, मग गाड्यांचे बोर्ड, मग साधे अर्ज. अर्जातही टप्पे. आधी नाव, मग गाव, मग सही. बाकीचे रकाने नंतर. या योजनेचा मला फार अभिमान होता, तो इथंच कबूल करून टाकतो.

वर्गात डाळ पाखडणारी एक मावशी होती. तिची लेक कारंजाला दिलेली. मागं एकदा मावशी लेकीकडे जायला निघाली, स्टँडवर कोणाला तरी विचारून गाडीत बसली आणि वाशीमला पोचली. तेव्हापासून मुलगा तिला एकटीला सोडेना. आता लेकीच्या बाळाचं बारसं होतं, रविवारी संध्याकाळी.

"पोरगा म्हन्ते, बोर्ड वाचता आला त जाय एकटी. नाई त घरीच राह्य," तिनं मला सांगितलं. "मी आता कोनाले इचारनार नाई, सर."

मग काय, वर्ग अर्जातल्या सहीपर्यंत पोचला होता, तरी राहिलेलं बोर्डांचं प्रात्यक्षिक मी त्याच रविवारी सकाळी स्टँडवर ठेवलं. सगळा वर्ग आला. मावशी बाळाचं झबलं-टोपडं पिशवीत भरूनच आली होती.

एक गाडी उभी होती. मावशी तिच्यासमोर उभी राहिली आणि बोट नाचवत म्हणाली, "का... रं... जा." दहा जणांनी टाळ्या वाजवल्या. मावशी ऐटीत चढली आणि खिडकीशी बसली. तेवढ्यात कंडक्टर ओरडत आला, "चला, वाशीम, वाशीम!"

"बोर्डावर कारंजा हाय," मावशी म्हणाली.

"तो आधीच्या फेरीचा हाय, बदलाचा राह्यला. उतरा मावशी."

"मंग बदला."

"अवं, लोकं इचारून बसतात. बोर्ड कोन वाचते?"

गाडीतल्या लोकांनीही माना डोलावल्या. पेपर वाचत बसलेला एक गृहस्थ म्हणाला की तो बारा वर्षं याच गाडीनं जातोय, पण बोर्ड कधी पाहिला नाही. मावशी हलेना. शेवटी कंडक्टर वैतागून म्हणाला, "तक्रार असन त लिहून द्या!"

हे वाक्य ऐकून एरवी माणूस गप घरी जातो. माझा वर्ग चौकशीच्या खिडकीकडे वळला. मावशीही खाली उतरून रांगेत लागली. आतल्या साहेबांनी नाइलाजानं तक्रार वही काढली. एकेक जण वाकून, जीभ दातांत धरून लिहू लागला. एका हमालानं पेन इतकं दाबलं की खालची दोन पानं फाटली. कंडक्टर वहीपाशीच अडकला, वाशीमची गाडी खोळंबली आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मी बाजूला उभा राहून अभिमानानं बघत होतो.

साहेबांनी चष्मा लावला. वहीत अकरा नावं, अकरा गावं, अकरा सह्या.

"तक्रार कुठी हाय?"

"तक्रारीचा रकाना पुढच्या आठवड्यात आहे," मी म्हणालो. दुसरं सांगणार तरी काय?

साहेब कोऱ्या जागेकडे बघत राहिले. अकरा सह्या खाली आणि वर काहीच नाही, म्हणजे त्यावर कोणीही काहीही लिहू शकणार होतं. ते स्वतः उठले, गाडीपाशी गेले आणि हातानं कारंजाचा बोर्ड काढून वाशीमचा लावला. पेपरवाल्या गृहस्थानंही खाली उतरून तो एकदा वाचून घेतला.

तासाभरानं दुसरी गाडी लागली. मावशीनं बोर्ड वाचला, मागं सरकून पुन्हा वाचला आणि कोणाला काही न विचारता जाऊन बसली. मला मात्र शंका आली. याही गाडीचा बोर्ड आधीच्या फेरीचाच असला तर? बाई पुन्हा वाशीमला गेली तर मुलगा तिला जन्मात सोडायचा नाही. गाडी सुरू झाली तसा मी धावत दाराशी गेलो.

"कंडक्टरसाहेब, ही कारंजालाच जाते ना?"

खिडकीतून मावशीचं डोकं बाहेर आलं. अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी ती ओरडली, "सर, एवढा मोठा बोर्ड हाय! तुमाले वाचता येत नाई काय?"

वर्ग खो खो हसत सुटला. माझे कान तापले आणि डोळेही भरून आले. गाडी वळली तेव्हा मी मुकाट्यानं बोर्ड वाचला. कारंजाच होता.