भिंत फोडली तरी वीसच

लातूरच्या त्या कॉलेजात मुलाखतीला निघाले, तेव्हा मी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. या वेळी जमलं तर जमलं, नाहीतर शिकवणं सोडायचं. नांदेडला मी कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. जून आला की नव्याने अर्ज, मार्च संपला की घरी. दर उन्हाळ्यात आपण मास्तरीण आहोत की नाही हेच कळायचं नाही. नवऱ्याचं नायगावला मोबाइलचं दुकान. तो बिचारा कधी काही बोलला नाही, पण दुकानात हक्काचं माणूस हवं होतं आणि ते माणूस मीच होते हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून मीच त्याला म्हणाले, ही शेवटची खेप.

शिकवणं सोडणं मला सोपं नव्हतं. मी फळ्यापुढे उभी राहिले की वेगळीच बाई होते. भरभर बोलते, हातवारे करते, खडू मोडते. पोरं माझ्या मागे मला ‘राजधानी’ म्हणायची, म्हणे मधल्या स्टेशनांवर थांबतच नाही. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

एसटी लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचली. मुलाखतीत डेमो लेक्चर होतं. खऱ्या वर्गासमोर वीस-पंचवीस मिनिटं शिकवून दाखवायचं, विषय चिठ्ठीवर. मी चिठ्ठी उघडली आणि मनातल्या मनात उडीच मारली. ‘ब्रेड्थ-फर्स्ट सर्च. चौकटींच्या चक्रव्यूहात दोन ठिकाणांमधलं कमीत कमी अंतर. पायथनमध्ये प्रत्यक्ष लिहून दाखवणे.’ अहो, हे तर मी झोपेतही शिकवलं असतं!

कॉम्प्युटर लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं-मुली बसली होती. मागच्या भिंतीशी तीन खुर्च्या. एकीवर प्राचार्य. दुसरीवर संस्थेचे अध्यक्ष, कपाळावर विभूतीचे पट्टे, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीचं दुकान असलेले वयस्कर गृहस्थ. तिसरीवर बाहेरून बोलावलेले विषयतज्ज्ञ, ज्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मी फळ्यावर सहा बाय सहाची चौकट आखली आणि त्यात एक नागमोडी वाट काढली. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात. पहिली ओळ उजवीकडे पार टोकापर्यंत, दोन घरं खाली, मग तिसरी ओळ डावीकडे टोकापर्यंत, पुन्हा दोन घरं खाली, पाचवी ओळ उजवीकडे आणि शेवटी एक घर खाली. तिथे शेवट. बाकी सगळी भिंत.

“किती अंतर?” मी विचारलं.

“एकवीस,” एक मुलगा म्हणाला.

“घरं मोजलीस. आपल्याला घरं नकोत, घरातून घरात टाकलेलं पाऊल हवं. शेजारच्या दोन घरांना जोडणारी कड. आता मोज.”

“वीस.”

“बरोब्बर!”

मग मी पडद्यावर प्रोग्राम लिहायला घेतला. प्रत्येक टप्पा मोठ्याने बोलत. पुढे जायची घरं ठेवायला एक रांग, पायथनमधली डेक. सुरुवातीचं घर रांगेत. रांगेतून एक घर काढायचं, त्याचे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार शेजारी बघायचे. शेजारी चौकटीत असेल, भिंत नसेल आणि आधी पाहिलेला नसेल, तर ‘पाहिलं’ अशी खूण करून त्यालाही रांगेत टाकायचं आणि त्याचं अंतर याच्यापेक्षा एक जास्त. रांग रिकामी झाली आणि शेवट भेटला नाही, तर वाटच नाही.

चालवला. पडद्यावर आलं: वीस. वर्गाने मान डोलावली, प्राचार्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. इथेच थांबले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण माझं डोकं तापलं होतं, मला मजा यायला लागली होती. वर्गात जीव आलेला असताना मला थांबता येत नाही.

“आता एक भिंत फोडा,” मी म्हणाले. “कुठलीही. तुम्हीच सांगा.”

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. ती फळ्यापाशी आली आणि चौथ्या ओळीतली मधली एक भिंत तिने डस्टरने पुसून टाकली. आता तिसऱ्या ओळीतून टोकाला न जाता मध्येच खाली पाचव्या ओळीत उतरता येत होतं. मी कोडमध्येही ते घर मोकळं केलं, ऐटीत एंटर दाबलं.

वीस.

मुलगी अजून फळ्यापाशीच होती. तिने बोटाने मोजलं, एकदा नाही, दोनदा.

“मॅडम, वाट तर छोटी झाली की. चौदा होतात. तरी हे वीसच का दाखवून राहिलं?”

मागच्या खुर्च्या करकरल्या. तिचं बरोबर होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. कमीत कमी अंतर काढणारा प्रोग्राम कमीत कमी अंतर काढत नव्हता आणि तो मी, इतकी वर्षं हेच शिकवलेल्या बाईने, तीन माणसांसमोर लिहिला होता. क्षणभर वाटलं, संपलं. निघा नायगावला.

पण खरं सांगते, त्याच्या पुढच्याच क्षणी मला त्या चुकीबद्दल प्रचंड कुतूहल वाटलं. भीती कुठल्या कुठे गेली. भिंत फोडायच्या आधी वीस बरोबर आणि फोडल्यावर तेच वीस चूक, म्हणजे प्रोग्राम वाट शोधत होता, पण जवळची आधी शोधत नव्हता!

“थांबा, थांबा, कुणी काही बोलू नका,” मी म्हणाले. “तो कुठल्या क्रमाने घरं काढतोय ते बघू.” रांगेतून घर काढल्यावर ते छापायची एक ओळ घातली. पुन्हा चालवला. मुलगी पडद्यावरची घरं मोठ्याने वाचत गेली आणि मी फळ्यावर खडू फिरवत गेले. फोडलेल्या भिंतीपाशी आलो. तिथे दोन शेजारी होते, खालचा आणि डावीकडचा. दोघेही रांगेत गेले, आधी खालचा, मग डावीकडचा. आणि बाहेर आला डावीकडचा.

“अरे!” मागून एक मुलगा ओरडला. “जो मागून आला तोच आधी निघाला! हे तर रांगेत घुसणं झालं, मॅडम!”

मी खडूच फेकला. “हाव, बरोबर! घुसला!”

आदल्याच दिवशी नांदेडला मी प्रॅक्टिकलला स्टॅक शिकवला होता. त्यात शेवटी टाकलेलं आधी निघतं, पायथनमध्ये त्याला नुसतं पॉप. हाताला तीच सवय राहिली होती. डेकमधून पुढचं घर काढायला पॉपलेफ्ट लागतं, मी लिहिलं होतं पॉप. त्यामुळे प्रोग्राम एकच वाट धरून खोल खोल जात राहिला आणि जवळची वाट रांगेत ताटकळत बसली. आधीच्या चक्रव्यूहात वाट एकच होती, म्हणून चूक झाकली गेली. एक वाट असली की कसंही शोधा, उत्तर तेच येणार. मुलीने भिंत फोडली आणि चूक उघडी पडली.

मी ‘लेफ्ट’ जोडलं. एंटर.

चौदा!

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तेवढ्यात तज्ज्ञ पहिल्यांदा बोलले. आवाज शांत होता.

“मॅडम, आत्ताच तुमचं वीस चुकलं. मग या चौदावर विश्वास का ठेवायचा? इथे डोळ्याने दिसतं. हजार बाय हजार असेल तर कोण मोजणार?”

प्रश्न अगदी मर्मावर होता. उत्तर मला माहीत होतं. ते मी सांगितलं तर माझा शब्द झाला असता आणि माझ्या शब्दाची किंमत पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांनी पाहिली होती. मी खडू त्या मुलीच्या हातात दिला.

“सुरुवातीच्या घरात शून्य लिही. मग त्याच्या शेजाऱ्यात एक. एकवाली सगळी संपली की दोन. मागच्या आकड्याची सगळी घरं भरल्याशिवाय पुढचा आकडा लिहायचा नाही.”

ती लिहीत गेली. नऊपर्यंत एकेकच घर. दहाला दोन घरं, एक डावीकडे, एक फोडलेल्या भिंतीतलं. वर्ग आता तिच्याबरोबर मोठ्याने आकडे म्हणत होता. अकरा, पुन्हा दोन घरं. बाराला तीन. तेराला तीन. शेवटच्या घरात तिने लिहिलं, चौदा.

“वाफ्यात पाणी सोडल्यासारखं चाललंय की हे,” अध्यक्ष मागून म्हणाले. “चहूकडून सारखंच पुढं सरकून राहिलं.”

“तसंच!” मी म्हणाले. “आता सरांचा प्रश्न. तेरा पावलांत शेवटाला पोचता येईल का?”

मुलगी फळ्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते. मला मदत करायची इतकी घाई झाली होती की मी टेबल घट्ट धरून ठेवलं. आयुष्यात इतका वेळ मी वर्गात गप्प कधीच बसले नसेन.

“न्हाई,” ती म्हणाली. “होऊच शकत न्हाई. तेरा पावलांत पोचता येतील अशी जेवढी घरं, ती सगळी तेरापर्यंत भरून झाली. एक पण सुटलं न्हाई. आणि त्यात शेवट न्हाई. हजार बाय हजार असू द्या, रांगेत कुणी घुसलं न्हाई तर जवळचं घर मागं राहणारच न्हाई, सर.”

तज्ज्ञांनी पेनाचं टोपण लावलं. “माझे प्रश्न संपले.”

प्राचार्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मी दिलेला वेळ केव्हाच ओलांडला होता.

माझा डेमो शेवटचा होता. नंतर व्हरांड्यात बाकी उमेदवारांबरोबर बसले. त्यांचे प्रोग्राम बहुतेक पहिल्याच फटक्यात चालले होते असं बोलण्यावरून कळलं. माझी झिंग उतरायला लागली. एवढ्या वर्षांचं शिकवणं एका शब्दाने गेलं, असं वाटून डोळे भरून आले आणि स्वतःचाच भयंकर राग आला. भिंत फोडा म्हणून कुणी सांगितलं होतं मला!

दुपारी शिपाई माझं नाव घेऊन आला. आत तिघे बसले होते. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, डेमोत चूक झाली. त्याचे गुण कापावे लागले.”

“हो सर.”

“मी कापलेत,” तज्ज्ञ म्हणाले. “आणि त्या मुलीने जे उत्तर दिलं, त्याचे तुम्हाला दिलेत. ते जास्त भरले.”

तिथेच, त्या तिघांसमोर, मी हसायला लागले आणि रडायलाही.

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “बाई, बसा आधी. कधीपासून येता ते सांगा.”

“आत्तापासून,” मी म्हणाले.

ते हसले. त्यांना गंमत वाटली असावी. पण लॅबमध्ये तो वर्ग अजून बसलेलाच होता, त्यांचा पुढचा तास रिकामा होता आणि पोरांनी फळ्यावर आणखी तीन भिंती फोडून ठेवल्या होत्या. नेमणुकीचा कागद हातात यायला बरेच दिवस लागले. माझा तिथला पहिला तास मात्र मी त्याच दुपारी घेतला.