नळांचे डाग

मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसमध्ये आई न्हाणीघरं धुवायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आईच्या बोटांची साल निघाली होती, भाकरी थापताना ती ओठ आवळून धरायची. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर कामावर गेले.

ती नेहमीप्रमाणे एक लिटर ब्लीच बादलीत ओतून वर नऊ लिटर पाणी घालत होती. मी कॅन फिरवून पाहिला. औषधाचं प्रमाण बारा टक्के लिहिलं होतं. कोपऱ्यातला जुना रिकामा कॅन चार टक्क्यांचा होता. कॅन बदलला, माप तेच राहिलं. आधी बादलीत शून्य पूर्णांक चार टक्के असायचं, आता एक पूर्णांक दोन. तिप्पट.

मी सुपरवायझरला सांगितलं. माझा आवाज बारीकच निघाला. तो सावंतवाडीकडचा. हसला आणि म्हणाला, "मगे घाल आणखी एक लिटर पाणी. झाला पातळ."

"नाही हो काका. औषध तेवढंच राहतं, एकशेवीस मिली. ते दहाऐवजी अकरा लिटरात गेलं तर एक पूर्णांक नऊ शतांश टक्के होतं. पहिल्यासारखं करायला एकूण तीस लिटर व्हायला हवं. नाहीतर दहा लिटरच्या बादलीला मापाचा तिसरा हिस्सा पुरे."

"बाय, पातळ घातलंय नि न्हाणीघरात वास रवलो तर साहेब माका इचारतलो. तुझ्या आवशीक हातमोजे दिलंय मां?"

दिले होते. एकच जोड, अंगठ्याजवळ फाटलेला.

"हात बघा तिचे," मी म्हटलं.

"गप रव गो," आई म्हणाली. काम जाईल म्हणून ती घाबरली होती. आई तेच पाणी घेऊन पुढच्या खोलीत गेली.

त्याच आठवड्यात न्हाणीघरांतल्या नव्या नळांवर काळे डाग पडले. ब्लीचने चकाकी खाल्ली होती. साहेब सगळ्यांवर ओरडला. संध्याकाळी सुपरवायझर आमच्या दारात उभा, हातात कागद आणि पेन.

"बाय, त्या दिवशी काय सांगितलंस ता? नळ खराब झाले सगळे."

हातांसाठी त्याला आठवण आली नव्हती. नळांसाठी आली. त्याच्या तोंडावर दार लावावं असं वाटलं. आई आतून म्हणाली, "सांग त्याका. बादली माकाच उचलूची आसा."

मी सांगितलं. एक कॅन तिप्पट दिवस पुरेल, हेही सांगितलं. तो खूश झाला, आणि आईच्या हातांबद्दल एक शब्द न विचारता पायऱ्या उतरून गेला.