लाल पेनाने झाकलेलं

नांदेडला एका छोट्या प्रकाशकाकडे मी मुद्रितशोधनाचं काम करते. आमच्याकडची रीत अशी, की लेखकाचं हस्तलिखित आधी माझ्याकडे येतं. मी लाल पेनाने ते नीट करते, मग अक्षरजुळणी होते आणि लेखकाकडे जातात ती स्वच्छ छापील पानं. मूळ कागद पुस्तक निघेपर्यंत आमच्या कपाटात राहतात. लेखकाला त्याच्या चुका मोजून दाखवायच्या नाहीत, असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते पटलंही होतं. माणसाची लाज राखावी, त्यात आपलं काय जातं?

गेल्या उन्हाळ्यात अहमदपूरहून माझ्या शाळेतल्या मराठीच्या सरांचं हस्तलिखित यायला लागलं. नोकरीतल्या आठवणी होत्या. दर दहा-बारा दिवसांनी एक प्रकरण, एसटीच्या पार्सलने. सरांनीच मालकांना अट घातली होती, शोधन या मुलीनंच करायचं. हे ऐकून मी दोन दिवस ऑफिसात मिरवले.

याच सरांनी मला सातवीत 'जावून' लिहिलं म्हणून बाकावर उभं केलं होतं. नुसतं उभं करून थांबले नाहीत, कारणही वदवून घेतलं. जाणे, णे काढ. काय उरलं? जा. त्याला ऊन लाव, जाऊन. तसंच येऊन, घेऊन, खाऊन, होऊन. आता ठेवणे, णे काढ. ठेव उरलं. इथे व धातूचाच आहे, तो कुठे जाणार? म्हणून ठेवून, जेवून, धावून, लावून. खात्री करायची तर शब्दाला हुकूम करून बघायचा: तू जा, तू ठेव. हुकमात व असेल तर लिहिण्यात व. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता, की घरी जाऊन मी जेवले नाही. आज त्याच एका धड्यावर माझं पोट चालतं.

पहिली सहा प्रकरणं मोत्यासारखी आली. पेन उघडायचं कामच नाही. सातव्यात एक 'जावून' दिसलं आणि मला, खोटं कशाला सांगू, गंमत वाटली. सर चुकले! बाकावर उभे राहा आता. मी व खोडला, ऊ केला आणि पुढे गेले. आठव्यात 'येवून', 'घेवून', आणि उलटं 'ठेऊन'ही. अक्षर ओळीखाली घसरत होतं. एका पानावर दोन वाक्यं अर्धीच सोडलेली होती. मी ती संदर्भावरून पुरी केली आणि बरी जमली म्हणून खूशही झाले.

त्याच प्रकरणात एके ठिकाणी 'धुवून' होतं. आमच्याकडे बोलताना कपडे धुव म्हणतात, त्यामुळे मीच अडखळले. लेखनाच्या नियमांची पुस्तिका काढली, शब्दकोश उघडला. कोशात धुणे. णे काढलं, व उरत नाही, म्हणजे धुऊन. तरी मनाच्या समाधानासाठी सरांना फोन लावला.

"काय करून राहिलीस पोरी?" सर म्हणाले. आवाज जरा जड होता.

मी विचारलं, "सर, धुऊन की धुवून?"

"णे काढ," ते लगेच म्हणाले. "काय उरतं ते बघ. मला कशाला विचारतीस?"

मी हसले. नियम तोंडपाठ आहे, म्हणजे माणूस ठणठणीत आहे, असं मी ठरवून टाकलं. त्यांच्या कागदावरच्या चुकांबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांना काय वाटेल? ज्यांनी शिकवलं त्यांनाच शिकवायला निघाली, असं वाटेल. तेव्हा ही मला सभ्यता वाटली होती. आता मी तिला भित्रेपणा म्हणते.

थोड्याच दिवसांत सरांच्या मुलाचा लातूरहून फोन आला. तो तिकडे कॉलेजात शिकवतो. छापील पानं त्याच्याकडेही जात होती.

"आई म्हणून राहिली, बाबा लई विसरतात," तो म्हणाला. "मधी न्हाणीत घसरले होते, डोकं आपटलं होतं थोडं. तवापासून गप्पगप्प असतात म्हणती. पण तुम्ही पाठवलेली पानं वाचली. एक चूक न्हाई. ज्याचं डोकं बिघडलं तो असं लिहील का? आई उगंच घाबरती."

मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले, "हो, लिखाण छानच आहे."

कपाट माझ्यामागे चार हातांवर होतं. उठून एक पान फोनवर वाचून दाखवलं असतं, तरी पुरलं असतं. पण पुस्तक दिवाळीला निघायचं होतं, आणि ती लाल रेघांनी भरलेली पानं म्हणजे माझी आणि सरांची खासगी गोष्ट आहे, असं मला वाटत होतं.

अकरावं प्रकरण आलंच नाही. सर बाजारात भाजी आणायला गेले आणि घराचा रस्ता विसरले. ओळखीच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी उजवा हात उचलेना. लातूरला नेलं. डोक्यात रक्त साकळलेलं होतं, घसरल्यापासून थेंबाथेंबाने साठत आलेलं. डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून ते काढलं. जीव वाचला, वाचा गेली. महिनाभर आधी आणलं असतं तर बोलते, लिहिते राहिले असते, असं डॉक्टर म्हणाले. बोलण्यात, लिहिण्यात काही फरक कुणाच्या लक्षात आला नव्हता का, असंही त्यांनी विचारलं. मुलाने नाही म्हणून सांगितलं. माझ्या भरवशावर सांगितलं.

पुस्तक दहा प्रकरणांचंच निघालं. पहिली प्रत आणि कपाटातले मूळ कागद घेऊन मी अहमदपूरला गेले. कागद कुणी मागितले नव्हते. पण ते कपाटात ठेवून मला तिथे बसणं होईना.

सर खाटेवर होते. सरांच्या पत्नीने, काकूंनी, त्यांना उशीला टेकवून बसवलं, पुस्तक मांडीवर ठेवलं. डाव्या हाताने पान धरून ते ओळीवर बोट फिरवत राहिले. मुलगा सुट्टीला आला होता. मी कागद त्याच्या हातात दिले. सातव्या प्रकरणापासून तो उभ्याउभ्याच चाळत गेला. पान उलटायचा वेग कमी कमी होत गेला.

"हे तुम्हाला कधी दिसलं?" त्याने विचारलं.

"श्रावणात."

"मी फोन केला त्याच्या आधी?"

"हो."

त्याने पुढचं पान उलटलं. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. काकूंनी माझ्यासाठी चहा टाकला होता, तो त्यांनी आणून दिला आणि विचारलं, "काय हाय त्या कागदात?" मुलगा म्हणाला, "काही न्हाई आई, बाबांचं अक्षर हाय."

त्याने कागद सरांच्या पुढ्यात ठेवले. सरांनी वरचं पान बराच वेळ बघितलं. मग डाव्या हाताचं बोट एका लाल खुणेवर ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि 'बरोबर' म्हटल्यासारखी मान हलवली.