कडेकडून आत

माझ्या मामीला हॉटेलात सगळे फडकेबाई म्हणायचे. तिचं आडनाव काही फडके नव्हतं. तिच्या खांद्यावर कायम एक पांढरं फडकं असायचं, एवढंच. पण नवे पाहुणे काउंटरवर येऊन अगदी आदराने "फडके मॅडम आहेत का?" असं विचारायचे आणि मामीही "बोला" म्हणून पुढे व्हायची. एकदा एका गृहस्थांनी तर "तुम्ही कुठल्या फडक्यांपैकी?" अशी चौकशी केली. मामी म्हणाली, "सुती."

ती चौतिसाव्या वर्षी कामाला लागली. मामा शिंपी. त्याची पाठ धरली आणि डॉक्टरांनी वर्षभर मशीनवर बसायचं नाही असं सांगितलं, तेव्हा मामीने स्टेशनाजवळच्या बावीस खोल्यांच्या हॉटेलात साफसफाईचं काम धरलं. घरकामात तिचा हात कोणी धरत नसे. पण तिची सगळी मदार घासण्यावर होती. पातेलं असो, फरशी असो की माझे गुडघे, समोर आलं की घासायचं. सुट्टीत तिच्याकडे राहायला गेले की मी आंघोळीला घाबरायचे.

पहिल्याच महिन्यात तिने घोटाळा केला. चौदा नंबरच्या खोलीत पाहुण्याच्या हातून गालिच्यावर चहा सांडला. बशीएवढा डाग. मामीने गरम पाणी घेतलं, साबण घेतला, ब्रश घेतला आणि पदर खोचून अर्धा तास त्या डागाच्या मागे लागली. उठून बघते तर बशीचं ताट झालेलं. वरून मधली लोकर पिंजून निघालेली, जणू तिथे मांजर बसून गेलं होतं.

सफाईच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. त्या आल्या, त्यांनी बघितलं आणि कोपऱ्यातलं टेबल ओढून त्या जागेवर ठेवलं. मामी रडायच्या बेतात होती.

"नोकरी गेली ना माझी?"

"टेबल हललं तर जाईल," मोठ्या बाई म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर."

धोब्याच्या खोलीत नेऊन त्यांनी जुन्या पांढऱ्या कांबळ्याच्या तुकड्यावर निळ्या शाईचे दोन थेंब टाकले. एक थेंब मामीला घासायला लावला. शाई फर्रकन चारी बाजूंना पसरली आणि धाग्यांत आतपर्यंत शिरली. दुसऱ्या थेंबावर बाईंनी स्वतः फडक्याची घडी ठेवली, पण मधोमध नाही, कडेवर. दाबली, उचलली. घडीची कोरडी बाजू फिरवली, पुन्हा कडेवर दाबली. असं गोल फिरत फिरत त्या मध्यापर्यंत आल्या.

"ओलं कोरड्याकडे धावतं," त्या म्हणाल्या. "तू मधेच दाबलंस तर ते बाहेरच्या कोरड्या लोकरीत पळणार. म्हणून आधी कड अडवायची, मग आत यायचं. आणि घासलंस की तूच त्याला हाताला धरून पुढे नेतेस. टिपायचं. फडक्याला पिऊ द्यायचं."

"आणि जोर?"

"जोर वरून खाली. आडवा नाही."

घासण्यावर संसार केलेल्या बाईला हे पचायला वेळ लागला. मामा सांगतो की त्या आठवड्यात ती रोज त्याच्या उशीवर पाणी सांडून टिपत बसायची. पुढे मामाचे बनियन गायब होऊ लागले. टिपायला पांढरं, सुती आणि मऊ झालेलं कापड लागतं. रंगीत फडक्याचा रंग डागात उतरला तर एकाचे दोन डाग होतात. मामाचे बनियन त्या कामाला फार उत्तम होते. "फाटायच्या आधीच नेते ही," मामा तक्रार करायचा. "एक तर माझ्या अंगावरूनच उतरवून नेला." मामी म्हणायची, "तो जुनाच होता. तुम्ही पण."

अठरा वर्षं अशी गेली. मोठ्या बाई निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्या आणि त्यांच्या जागी मामी आली. चहा, कॉफी, शाई, रस्सा, औषधाचं लाल सरबत, काय काय तिने उचललं. पण ते सगळं हॉटेलच्या गालिच्यांवरचं आणि चादरींवरचं. पाहुण्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा हॉटेलचा कडक नियम होता.

त्या वर्षी हॉटेलच्या सभागृहात हातमागाचं प्रदर्शन भरणार होतं. दुपारी चार वाजता उद्घाटन. सकाळी दहाला विणकर आपापली कापडं लावत होते. त्यांच्यात साठीच्या एक उंच, घोगऱ्या आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी चौदा महिने खपून भिंतीवर लावायचा एक मोठा पट विणला होता. न रंगवलेली, दुधाळ रंगाची लोकर आणि एका कडेला निळ्या धाग्यांचा काठ. वरच्या बाजूला दांडी घालायची म्हणून पट टेबलावर उलगडून ठेवला होता.

काळ्या द्राक्षांच्या रसाचा ट्रे घेऊन वेटर बाजूने चालला होता. कोणीतरी खुर्ची मागे सरकवली, ट्रे कलला, आणि एक पेला सरळ पटाच्या मध्यावर पालथा झाला.

 वेटरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने कंबरेचा हिरवा नॅपकिन काढला आणि घाईघाईने डाग पुसायला लागला. एकदा, दोनदा. जांभळा रंग त्या दुधाळ लोकरीवर फराटा मारत पुढे गेला.

"हात काढ!" मामी दारातूनच ओरडली.

तिचा आवाज एवढा चढलेला तोवर कोणी ऐकला नव्हता. वेटरचा हात जागच्या जागी थांबला. मामी धावत टेबलापाशी आली. विणकर बाई दोन्ही हात तोंडावर धरून उभ्या होत्या.

"ताई, वस्तू तुमची आहे," मामी म्हणाली. "मी प्रयत्न करू शकते. सगळं जाईलच असं वचन देत नाही. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण लवकर. ते आत उतरतंय."

मॅनेजर मधे पडले. "फडकेबाई, नियम माहीत आहे ना? बिघडलं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी. लिहून घ्या, मी नंतर सही करते. आत्ता माझे हात मोकळे राहू द्या."

विणकर बाईंनी मामीच्या हातांकडे पाहिलं. "तुमचे हात थरथरत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "करा."

मामीने वेटरला पटाची बाजू अलगद उचलायला लावून डागाखाली जाड पांढऱ्या टॉवेलची घडी सरकवली. रस वरून उचलायचा, आणि जो खाली जाईल तो टॉवेलमध्ये जावा. मग खांद्यावरचं फडकं घेतलं. फराट्याच्या टोकापासून सुरुवात केली, कारण आता डागाची कड तिथे होती. दाबलं, उचललं, घडी बदलली. फडक्यावर जांभळे ठसे उमटायला लागले. एक फडकं भरलं, दुसरं घेतलं. ती टेबलाभोवती फिरत होती, आणि सगळे तिच्या हातांकडे बघत होते.

कोरडं फडकं दाबून काही येईनासं झालं तेव्हा तिने स्वयंपाकघरातून कपभर थंड पाणी आणि चमचाभर पांढरा व्हिनेगर मागवला. दोन्ही एकत्र केलं, पण लगेच डागाला लावलं नाही. आधी निळ्या काठाचा न दिसणारा कोपरा त्यात किंचित भिजवला आणि पांढरं कापड दाबून धरलं. कापड पांढरंच राहिलं.

"निळा पक्का आहे तुमचा," ती म्हणाली.

"तीनदा धुतलाय मी," विणकर बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा मोकळा झाला.

"बर्फ देऊ का? की इस्त्री आणू, पटकन वाळेल?" मॅनेजर विचारत होते. त्यांनाही आता स्वस्थ बसवत नव्हतं.

"इस्त्री नको, साहेब! उष्णतेने डाग पक्का बसतो. तुम्ही तेवढा पंखा लावून ठेवा, नंतर लागेल."

साहेब गेले आणि खरंच पंखा लावून आले.

पाणी ओतायचं नाही, फडकं ओलं करून फक्त लावायचं. कडेला ओलं, लगेच कोरडं, मग बोटभर आत. पुन्हा ओलं, पुन्हा कोरडं. जांभळ्याचा गुलाबी झाला, गुलाबीचा फिकट झाला. पाऊण तासाने मामी थांबली आणि विणकर बाईंना म्हणाली, "बघा आता."

पेला जिथे पालथा झाला होता तिथे काही उरलं नव्हतं. नॅपकिन जिथून फिरला होता तिथे मात्र निरखून पाहिलं की हलकी गुलाबी रेघ दिसत होती.

"ही नाही जाणार," मामी म्हणाली. "घासलेलं धाग्याच्या आत जातं. अजून मागे लागले तर लोकर पिंजेल."

विणकर बाई कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. मग वेटरकडे वळल्या. तो भिंतीला चिकटून उभा होता. "अहो, तुम्ही बसा जरा," त्या म्हणाल्या. "पडाल." आणि त्या हसल्या. ते हसणं बघून वेटरला रडू फुटलं.

कोरड्या टॉवेलांच्या दोन घड्यांमध्ये तो भाग धरून वर पुस्तकांचं वजन ठेवलं, म्हणजे आत राहिलेली ओल वर येऊन टॉवेलात जावी. मग पंखा. साडेतीन वाजता पट भिंतीवर लागला. लोक येऊन बघून गेले. गुलाबी रेघेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी एका वाचनालयाच्या लोकांनी तो पट घेतला. विणकर बाईंनी स्वतः त्यांना रेघ दाखवली, तर ते म्हणाले, आम्हाला वाटलं ती लोकरीचीच छटा आहे.

मॅनेजरनी मामीची सही काही घेतली नाही. आठवडाभराने नोटीस लावली, की सांडलवंड झाली तर आधी फडकेबाईंना बोलवावं आणि त्या येईपर्यंत कोणी काहीही घासू नये. शेवटच्या तीन शब्दांखाली त्यांनी लाल रेघ मारली होती.

महिन्याने विणकर बाईंचा फोन आला. त्यांच्या केंद्रात अकरा जणी विणकाम शिकत होत्या, आणि काहीतरी सांडणं रोजचंच होतं. "एका रविवारी येऊन शिकवाल का?"

"मी? शिकवायला?" मामीने फोनवर हात ठेवून मामाकडे पाहिलं. "अहो, मला चार माणसांत बोलता येत नाही."

"त्या दिवशी मॅनेजरला गप्प कोणी केलं मग?" मामा म्हणाला. "जा. मी सोडतो."

ती गेली. पहिली दहा मिनिटं ती नुसती फडक्याची घडी घालत आणि मोडत राहिली. मग एकीने नव्या धाग्यावर खरोखरच चहा सांडला आणि मामीला बोलायचं भानच राहिलं नाही, ती कामालाच लागली. अकरा जणी भोवती गोळा झाल्या. त्या दिवसापासून महिन्याचा पहिला रविवार तिचा तिथे ठरून गेला.

तिसऱ्या रविवारी शिकवणं संपल्यावर सगळ्या जणी मागावर बसल्या. मामी पर्स काखेला लावून उभी राहून बघत होती. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"बसायचंय?" विणकर बाईंनी विचारलं.

"माझं वय बावन्न आहे."

"माग विचारत नाही वय."

परवा मी तिच्याकडे गेले, तर तिने पिशवीतून वीतभर कापड काढून माझ्या हातात दिलं. एक कड लाटेसारखी वाकडी, मधे दोन गाठी. "पहिलंच आहे," ती घाईघाईने म्हणाली. मामा चष्मा लावून कापडाची कड बोटाने तपासत होता, शिंप्याच्या नजरेने.

"वीण घट्ट आहे," तो म्हणाला. "पुढचं हातभर कर. मला खिसे शिवायला कापड लागेल."